चुंबकाला न चिकटणारे स्टीलही गंजते

द्राक्षशेतीमुळे दिंडोरी तालुक्यात वाइनरी उभ्या राहिल्या. वाइनच्या टाक्यांसाठी सर्वसाधारणपणे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरतात. टाकीच्या वरच्या रिकाम्या भागात मात्र सल्फर डायऑक्साइड साचतो, म्हणून तो भाग अनेकदा ३१६ प्रतीचा असतो. जागा पाहून स्टील निवडण्याचा हाच नियम न्हाणीघरातील जाळी किंवा स्वयंपाकघरातील सिंक घेतानाही लागू पडतो.

स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच गंज रोखतो. ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये याखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती क्षारांना अधिक टिकते. निकेल महाग असल्यामुळे स्वस्त मालात २०० मालिकेचे स्टील वापरले जाते. त्यात निकेलचा बराचसा भाग मँगेनीजने भरून काढलेला असतो आणि पुष्कळदा क्रोमियमही कमी असते. नवे असताना ते ३०४ सारखेच चमकते.

‘चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असे दुकानात सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे, कारण २०० मालिकेलाही चुंबक चिकटत नाही. उलट, अस्सल ३०४ वाकविलेल्या वा दाबलेल्या कडेला चुंबक किंचित ओढू शकते. सपाट भागावर ते घट्ट चिकटले, तर वस्तू निकेलरहित ४३० सारख्या प्रतीची असण्याची शक्यता असते. अशी प्रत कोरड्या जागी चालते. सतत ओल्या जागी नाही.

समजा, सारख्याच दिसणाऱ्या दोन जाळ्यांपैकी एक निवडायची आहे आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही. अशा वेळी भंगार व्यापारी वापरतात ते मँगेनीज तपासणीचे द्रावण उपयोगी पडते. जाळीच्या मागील बाजूस एक थेंब टाकून सोबतच्या छोट्या बॅटरीची तार काही सेकंद टेकवावी. थेंब लाल झाला, तर ते २०० मालिकेचे स्टील होय. द्रावण आम्लयुक्त असल्याने हातमोजे घालावेत व डाग लगेच धुवावा. लाल रंग न आल्यास मँगेनीज फार नाही एवढेच कळते. ३०४ व ३१६ यांतील फरक त्यातून समजत नाही. त्यासाठी बिलावर प्रत लिहून घ्यावी.

चांगले स्टीलही एका गोष्टीपुढे हरते. फरशी धुण्याच्या ‘अ‍ॅसिड’मध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि त्याची वाफही संरक्षक थर फोडते. त्यामुळे ती बाटली सिंकखाली ठेवू नये. लोखंडी तारेच्या घासणीचे कण चिकटूनही तांबूस डाग पडतात. असा डाग पुसल्यावर परत येत नाही. पुसूनही त्याच जागी बारीक खड्डा उरला व डाग पुन्हा उमटला, तर स्टीलच गंजू लागले आहे असे समजावे.