ग्राहक-वसुलीकाल

नवे गिऱ्हाईक मिळविण्यासाठी जाहिरातीवर झालेला खर्च त्याच गिऱ्हाइकाच्या खरेदीतून उरणाऱ्या शिलकेने पुरता भरून निघण्यास जी मुदत लागते, तिला ग्राहक-वसुलीकाल म्हणतात. तेल, चहा, कॉफीची पूड यांसारखा जो माल घरात संपतो व पुन्हा आणावा लागतो, तो विकणाऱ्या दुकानाला या मुदतीचे महत्त्व विशेष असते. कारण पहिल्या विक्रीत जाहिरातीचा खर्च निघत नाही हे ठाऊक असूनच, पुढील खरेद्यांच्या भरवशावर, दुकानदार तो करीत असतो.

लाकडी घाण्याचे तेल घरपोच देणारे एक दुकान कल्पावे. एका मागणीची किंमत ९०० रुपये. तीतून तेल, डबा, कुरिअर व पैसे स्वीकारण्याचे शुल्क वजा जाता २०० रुपये उरतात. आणि एका नव्या गिऱ्हाइकामागे जाहिरातीचा खर्च ६०० रुपये येतो. वसुली मोजावयाची ती या २०० रुपयांनी. विक्रीची रक्कम हिशेबात धरली, तर खर्च पहिल्याच दिवशी निघाल्याचा भास होतो, आणि व्यवहारात बहुतेक चुका येथूनच सुरू होतात.

एका महिन्यात आलेल्या १०० गिऱ्हाइकांची तुकडी वहीच्या स्वतंत्र पानावर मांडली, आणि त्यांतील ५० जण पुढच्या महिन्यात, ४० त्यानंतरच्या, ३५ तिसऱ्या व त्यापुढे दरमहा ३० जण परत येतात असे धरले, तर दर गिऱ्हाइकामागे वसूल झालेली रक्कम २०० वरून क्रमाने ३००, ३८०, ४५०, ५१०, ५७० आणि सहाव्या महिन्यात ६३० होते. म्हणजे वसुलीकाल सहा महिन्यांचा झाला.

हा आकडा जाहिरातीच्या वाढीला कसा आवर घालतो, हे नफातोट्याच्या पत्रकात दिसत नाही, रोकडवहीत दिसते. दरमहा १०० नवी गिऱ्हाइके आणणाऱ्या या दुकानात कोणत्याही महिनाअखेर सहा तुकड्यांचे पैसे अर्धवट अडकलेले असतात : ताज्या तुकडीचे माणशी ४००, तिच्या आधीचीचे ३००, मग २२०, १५०, ९० आणि ३०. ही बेरीज ११९० रुपये, म्हणजे १०० गिऱ्हाइकांच्या मानाने १,१९,००० रुपये होते. दरमहा ६०,००० रुपयांची जाहिरात चालू ठेवण्यासाठी जवळजवळ दुप्पट भांडवल कायमचे गुंतून राहते. आणि जाहिरात दुप्पट करावयाची, तर तितकेच आणखी भांडवल कोठून तरी आणावे लागते. गिऱ्हाईक सरासरीने अखेरीस फायद्याचे ठरत असूनही दुकानाची तिजोरी रिकामी पडते ती यामुळे.

वसुली पुरी झालेल्या जुन्या तुकड्या पुढे जी शिल्लक देतात, तीच बाहेरचे कर्ज न काढता वाढण्याचे साधन होय. वरील तुकडी बाराव्या महिन्यापर्यंत खरेदी करीत राहते असे मानले, आणि भाडे व पगार बाजूला ठेवून सर्व शिल्लक जाहिरातीतच घातली, तर दरमहा सुमारे पावणेचौदा टक्के ही वाढीची कमाल मर्यादा निघते. त्याहून वेगाने खर्च वाढविला, तर जुन्या तुकड्यांची आवक नव्या तुकड्यांच्या खर्चाला कधीच गाठू शकत नाही. हा दर वसुलीकालावर फार अवलंबून असतो, आणि म्हणून माल पुरविणाऱ्या घाणेवाल्याने महिनाभराची उधारी दिली, तर तिचे मोल किमतीतील लहानशा सवलतीहून पुष्कळदा अधिक ठरते. उलट, माल पोचल्यावर रोख घेण्याची पद्धत असेल, तर कुरिअरकडून ती रक्कम हाती येईपर्यंतचे दिवस मुदतीत भर घालतात.

खर्च वाढला म्हणजे गिऱ्हाईकही महाग होते, ही दुसरी अडचण अधिक फसवी आहे. समजा, जाहिरात ६०,००० वरून १,२०,००० वर नेली आणि गिऱ्हाइके १०० वरून १७० झाली. सरासरी खर्च सुमारे ७०६ रुपये दिसतो व वसुलीकाल आठ महिने. ते सहन होण्याजोगे वाटते. परंतु वाढीव ६०,००० रुपयांनी आणलेली गिऱ्हाइके ७० च आहेत, त्यांचा खर्च माणशी ८५७ रुपये, आणि त्यांची वसुली दहाव्या महिन्यापूर्वी होत नाही. निर्णय जेव्हा वाढीव खर्चाचा असतो, तेव्हा हिशेबही या ७० जणांचाच करावयास हवा. जुन्या १०० जणांची स्वस्ताई त्यात मिसळणे म्हणजे स्वतःचीच दिशाभूल होय.

या ७० जणांची दहा महिने वाट पाहण्याची गरज नसते. पहिल्या तुकडीतील निम्मे लोक पुढच्याच महिन्यात परतले होते; नव्या तुकडीत ३५ ऐवजी २० च परतले, तर मुदत लांबणार हे तेवढ्यावरून कळते. दिवाळीत भेट देण्यासाठी डबे नेणाऱ्यांच्या तुकडीत हे विशेष आढळते. त्यांचे पान वेगळे न ठेवता त्यांना वर्षभराच्या सरासरीत घातले, तर दिवाळीतील उत्साहाच्या भरात वाढविलेल्या खर्चाची बाकी सहा महिन्यांनंतरही रोकडवहीत रेंगाळत राहते.