लेमन कर्ड

लिंबाचा रस, साल, साखर, अंडी आणि लोणी मंद आचेवर एकत्र शिजवून केलेला आंबटगोड, मऊसूत लेप. तो मूळचा इंग्लंडमधला. तिथे तो चहाच्या वेळी पाव व स्कोनला लावतात आणि टार्टमध्ये भरतात. त्याला दाटपणा पिठाने येत नाही, अंड्यांतील प्रथिनांनी येतो आणि अवघड जागाही तीच आहे. उष्णतेने ही प्रथिने उलगडतात, एकमेकांत गुंफतात आणि त्यांच्या जाळ्यात रस धरून ठेवतात. आच जास्त लागली की जाळे आवळते, पाणी बाहेर पडते आणि कर्डाची भुर्जी होते. हे टाळण्यासाठी सहसा फक्त आच मंद ठेवायला सांगतात. पण निम्मे संरक्षण विस्तवापाशी नसते, साखरेच्या मापात असते. साखर प्रथिनांच्या मधे येऊन त्यांना जवळ येऊ देत नाही, त्यामुळे अंडी गोठायला अधिक उष्णता लागते. म्हणून गोडी किती ठेवायची आणि अंडी कशी सांभाळायची, हे दोन वेगळे प्रश्न मानू नयेत.

एक प्रमाण घेऊन पाहू : १२० मि.लि. रस, १५० ग्रॅम साखर, २ अख्खी अंडी, ३ पिवळे बलक, ८५ ग्रॅम बिनमिठाचे लोणी, दोन लिंबांची किसलेली साल आणि चिमूटभर मीठ. आधी साल साखरेत चोळावी, म्हणजे सालीतले सुगंधी तेल साखरेत उतरते. मग अंडी व बलक घालून लगेच फेटावे. कोरडी साखर बलकावर तशीच पडून राहिली, तर ती त्यातले पाणी ओढते आणि घट्ट गुठळ्या होतात. अंडी व साखर एकजीव झाल्यावरच रस घालावा, कारण आम्लाचा उघड्या अंड्यावर थेट मारा झाला तर त्यात तंतू दिसू लागतात. आता हे भांडे खदखदत्या नव्हे, तर हलक्या वाफेच्या पाण्यावर, तळ पाण्याला टेकणार नाही असे ठेवून रबरी उलथन्याने तळ व कडा सारख्या खरवडत ढवळावे. सुरुवातीची काही मिनिटे काहीच होत नाही असे वाटते आणि आच वाढवण्याचा मोह नेमका तेव्हाच होतो. मग वरचा फेस विरतो, मिश्रण जड वाटू लागते. चमच्याच्या पाठीवर थर बसला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, की उतरवावे. तापमापी असेल तर ७७ अंश सेल्सियस पाहावे. उतरवून लगेच गाळावे आणि गरम असतानाच थंड लोण्याचे तुकडे थोडेथोडे मिसळावेत. लोण्यामुळे शिजणे थांबते आणि पुढे गार झाल्यावर तेच कर्डाला घट्टपणा देते. त्यामुळे भांड्यातले कर्ड थोडे पातळ दिसले म्हणून पुन्हा आचेवर चढवू नये.

यावर आक्षेप असा की, एवढ्या साखरेने आंबटपणा मरतो. आंबट हवे तर साखर कमी का करू नये? थोडी करता येते. वजनाने रसाइतकी साखर ठेवली तरी कर्ड रेशमी होते, फक्त लक्ष जास्त द्यावे लागते. त्याखाली गेले की अंड्यांचे संरक्षण घटते आणि मिश्रण पाणचट राहते. नुसता रस वाढवला तरी तेच जाळे जास्त पाण्यावर ताणले जाते. म्हणून रस वाढवायचा तर त्यासोबत एखादा बलक वाढवावा. लोणी जरा कमी केले तरी आंबटपणा उघडा होतो, कारण स्निग्धता त्याची धार बोथट करते. चव मात्र थोडे कर्ड गार करूनच ठरवावी. गारव्यात गोडी कमी जाणवते.

दुसरा आक्षेप कॉर्नफ्लोअरचा. ते घातले तर अंडी फुटत नाहीत, हे खरेच आहे. पण मग मिश्रण उकळावे लागते, नाहीतर बलकातले विकर स्टार्च मोडून ते नंतर पातळ करते. शिवाय लिंबाची चव मंदावते आणि पोत खिरीकडे झुकतो. केकच्या थरांत भरायला ते चालेल, पावावर लावायला नको.

महाराष्ट्रात हा पदार्थ बहुधा कागदी लिंबाचा होतो. या लिंबाचा रस इंग्लंडमधल्या पिवळ्या लिंबापेक्षा अधिक आंबट असतो, म्हणून साखर १५० ग्रॅमच्या खाली नेऊ नये. त्याची साल फार पातळ असते. किसणी जरा दाबली की पांढरा कडू भाग येतो, तेव्हा पिकून पिवळी झालेली फळे घेऊन वरवरच किसावे. ॲल्युमिनियमचे किंवा बिनकल्हईचे पितळी भांडे वापरू नये, आम्लामुळे धातूची चव उतरते. स्टील किंवा काच बरी.

चुकून थोड्या गुठळ्या झाल्या तर गाळणीने निघतात. जास्त झाल्या तर मिक्सरमधून फिरवून पोत सुधारतो, पण अंड्याचा उग्र वास राहतो. हा वास मुख्यतः जास्त शिजलेल्या पांढऱ्या भागाचा असतो, म्हणूनच वरच्या प्रमाणात बलक अधिक घेतले आहेत. तयार कर्ड स्वच्छ, कोरड्या बरणीत भरून, पृष्ठभागाला चिकटेल असा कागद लावून फ्रिजमध्ये ठेवावे आणि आठवड्याभरात संपवावे. साखर व आम्ल असले तरी त्यात अंडी व लोणी आहे, ते मुरंब्यासारखे बाहेर टिकत नाही.