राज्य कामगार विमा योजना (पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा)

संघटित उद्योगांतील मर्यादित वेतनाच्या कामगारांसाठी असलेली सक्तीची सामाजिक विमा योजना. कामगार वस्तीत ती ‘ईएसआय’ या नावानेच ओळखली जाते. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालावर आधारित कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेला सुरुवात झाली. महाराष्ट्रात ती १९५४ मध्ये आली. आजारपणातील रोख रक्कम केंद्राच्या अखत्यारीतील निगम आपल्या शाखा कार्यालयांतून देते, तर दवाखाने व बहुतेक रुग्णालये राज्य शासनाच्या यंत्रणेकडे आहेत. त्यामुळे कामगाराला प्रमाणपत्र एका ठिकाणी आणि पैसे दुसऱ्या ठिकाणी मिळतात.

क्षेत्र. पिंपरी, भोसरी, चिंचवड व आकुर्डी येथील जुने कारखाने आणि खेड तालुक्यातील चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांभोवतीची नवी औद्योगिक वसाहत. पट्ट्यातील विमेदारांचे मुख्य रुग्णालय चिंचवडला मोहननगर येथे आहे. चाकणच्या कामगाराला तेथपर्यंत नाशिक महामार्गाच्या कोंडीतून यावे लागते.

नोंदणी कोणाची. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेला कारखाना योजनेत येतो आणि नंतर संख्या घटली तरी बाहेर पडत नाही. अशा कारखान्यात वेतनमर्यादेच्या आत असलेल्या प्रत्येकाची नोंदणी करावी लागते, मग तो कायम असो, हंगामी असो वा कंत्राटी. यात मालकाची वा कामगाराची इच्छा विचारात घेतली जात नाही. खाजगी आरोग्य विमा आहे, म्हणून ईएसआय नको, असे म्हणण्याची सोय नाही.

पट्ट्यातील मोठ्या वाहन कारखान्यांत कायम कामगारांचे वेतन करारांमुळे मर्यादेच्या वर गेलेले असते. त्यामुळे येथे योजनेचा भार मुख्यतः कंत्राटी कामगारांवर आणि लहान पुरवठादार कारखान्यांतील ऑपरेटर, हेल्पर, पॅकिंग व कॅन्टीनच्या माणसांवर आहे. कंत्राटी कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ कारखान्याची आहे. ती रक्कम त्याने ठेकेदाराकडून वसूल करायची असते. प्रत्यक्षात ठेकेदार स्वतःच्या संकेतांकावर वर्गणी भरतो आणि कारखाना त्याच्या बिलासोबत पावती मागतो. पावतीवर एकूण रक्कम दिसते. कोणाचे किती दिवस दाखवले, हे दिसत नाही.

अप्रेंटिस कायदा, १९६१ नुसार घेतलेले शिकाऊ उमेदवार योजनेबाहेर आहेत. इतर ‘ट्रेनीं’बाबत वाद होत आले आहेत. नुसते ट्रेनी हे पदनाम देऊन नियमित उत्पादनावर लावलेला माणूस मात्र योजनेतून सुटत नाही.

वेतनमर्यादा. १ मे २०१० पासून दरमहा १५,००० रुपये आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये. अपंग कामगारांसाठी २५,००० रुपये. ही मर्यादा मूळ पगारापुरती पाहिली जात नाही. १९४८ च्या कायद्यानुसार महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि दोन महिन्यांच्या आतल्या अंतराने मिळणारे उत्पादन प्रोत्साहनही वेतनात धरले जात असे. वर्षातून एकदा मिळणारा बोनस, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटी धरली जात नाही.

त्या कायद्यातील ओव्हरटाइमचा नियम नीट समजून घ्यावा लागतो. कामगार मर्यादेत आहे का, हे ठरवताना ओव्हरटाइम सोडून दिला जात असे, पण वर्गणी मोजताना तो धरला जात असे. १९,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराला एखाद्या महिन्यात ४,००० रुपये ओव्हरटाइम मिळाला, तरी तो योजनेतच राहत असे आणि त्या महिन्याची वर्गणी २३,००० रुपयांवर कापली जात असे. बारा तासांच्या पाळीवर राबणाऱ्या चाकणच्या कामगाराला ‘हातात पंचवीस येतात, म्हणजे ईएसआय नाही’ असे सांगितले गेले, तर ते चुकीचे असू शकते.

मर्यादा मधेच ओलांडली, तर कामगार लगेच बाहेर पडत नाही. वर्षाचे दोन वर्गणी कालावधी असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. जूनमध्ये पगार २०,४०० वरून २१,६०० झाला, तर ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण २१,६०० रुपयांवर वर्गणी भरावी लागते. ऑक्टोबरपासून कपात थांबते. भरलेल्या वर्गणीच्या जोरावर पुढच्या ३० जूनपर्यंत उपचारांचा हक्क मात्र टिकतो. वाढ लागलेल्या महिन्यातच नाव कमी करणे, ही पगारपत्रक करणाऱ्यांची नेहमीची चूक आहे.

वर्गणी. १ जुलै २०१९ पासून मालक ३.२५ टक्के व कामगार ०.७५ टक्के. सरासरी दैनिक वेतन १७६ रुपयांपर्यंत असलेल्यांना स्वतःचा हिस्सा माफ. भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.

आजारपणातील रोख लाभ. या पट्ट्यात योजनेची खरी कसोटी येथे लागते. दर सरासरी दैनिक वेतनाच्या ७० टक्के असतो आणि लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस लाभ मिळतो. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जूनमधील आजारपण भरून निघते, तर ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधील. त्यासाठी संबंधित वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी देय असावी लागते. नव्याने लागलेल्या कामगाराचा पहिला लाभ कालावधी नोंदणीनंतर नऊ महिन्यांनी सुरू होतो. त्याला सूट म्हणून उपलब्ध कामाच्या निम्म्या दिवसांची वर्गणी पुरते. तोवर त्याला उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, पण बुडालेल्या रोजाचे पैसे मिळत नाहीत.

उदाहरणादाखल भोसरीतील सीएनसी मशीनवर रोजंदारीने काम करणारा एक ऑपरेटर घेऊ. त्याने एप्रिल ते सप्टेंबर २०२४ मध्ये १५० दिवस भरले आणि त्याचे एकूण वेतन १,०५,००० रुपये झाले. म्हणजे सरासरी दैनिक वेतन ७०० रुपये आणि लाभाचा दर ४९० रुपये. १७,५०० रुपयांच्या महिन्यात त्याची कपात १३१.२५ रुपये, म्हणजे रुपयाच्या पूर्णांकात १३२ होते. मालकाचा हिस्सा ५६९. सोमवार, १० फेब्रुवारी २०२५ पासून त्याला काविळीमुळे २१ दिवसांची विश्रांती मिळाली. पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे म्हणून वगळले जातात. उरलेले १९ दिवस रविवार धरून मोजले जातात, म्हणून त्याला ९,३१० रुपये मिळतील. या तीन आठवड्यांत त्याचे १८ दिवसांचे काम, म्हणजे १२,६०० रुपये बुडाले. कोट्यातील ७२ दिवस शिल्लक राहतात. बरे होऊन पंधरा दिवसांच्या आत तो पुन्हा आजारी पडला, तर दोन दिवसांची वजावट दुसऱ्यांदा होत नाही.

आता याच पट्ट्यातील कंत्राटी कामगाराचा हिशेब पाहू. एका ठेकेदाराकडे एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ५८ दिवस, मग खंड, सप्टेंबरमध्ये दुसऱ्या ठेकेदाराकडे २४ दिवस. बेरीज ८२ होते आणि तो पात्र ठरतो. पण दुसऱ्या ठेकेदाराने जुना दहा आकडी विमा क्रमांक न विचारता नवा काढला असेल, तर एका क्रमांकावर ५८ व दुसऱ्यावर २४ दिवस दिसतात आणि कोणताच ७८ ला पोहोचत नाही. काम केलेले असते, कपातही झालेली असते, तरी शाखा कार्यालयात दावा अडतो. दोन्ही क्रमांक जोडून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो आजारी पडण्यापूर्वी केलेला बरा. उमंग अ‍ॅपवर वर्गणीचा तपशील पाहताना रकमेसोबत दिवसांचा रकानाही वाचावा. २६ दिवस भरलेल्या महिन्यात १२ दिसत असतील, तर हजेरीकार्डाचा फोटो आणि पगारपत्रक जपून ठेवावे.

येथे कायद्याची एक बाजू कामगारांना क्वचितच सांगितली जाते. पात्रता वर्गणी ‘देय’ असण्यावर आहे. ती मालकाने खरोखर भरली का, यावर नाही. कपात करून पैसे न भरणाऱ्या मालकाकडून निगमाला वसुली करता येते आणि तेवढ्यासाठी कामगाराचा हक्क बुडत नाही. मात्र आपण कामावर होतो, हे त्याला दाखवता आले पाहिजे.

प्रमाणपत्र विमा दवाखान्याच्या किंवा पॅनलच्या डॉक्टरचे लागते. ते तपासणीच्या दिवशी दिले जाते. मागची तारीख टाकून मिळत नाही. चाकणच्या खाजगी रुग्णालयात आठवडाभर राहून नंतर विमा दवाखान्यात गेलेल्या कामगाराचा तो आठवडा म्हणूनच अडचणीत येतो. खाजगी डॉक्टरचा कागद पर्यायी पुरावा म्हणून शाखेत देता येतो, पण त्याची छाननी होते. लाभ घेत असताना डॉक्टरच्या परवानगीविना उपचाराचे क्षेत्र सोडता येत नाही. बीड, लातूर, नांदेडचा कामगार आजारी पडला की घरच्यांकडे जातो. एकट्याने खोलीत पडून राहणे त्याला परवडत नाही. या एका अटीने त्याचा लाभ थांबू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरकडून लेखी परवानगी घ्यावी. ज्या दिवसाचे वेतन मिळाले, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही.

१९४८ च्या कायद्यानुसार लाभ चालू असताना कामगाराला बडतर्फ करता येत नाही वा शिक्षाही देता येत नाही. ठेक्याची मुदत संपल्याचे कारण दिले, तर हे संरक्षण कितपत लागू होते, हा वादाचा विषय आहे.

दीर्घ आजार. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक ३४ आजारांत ९१ दिवसांनंतर ८० टक्के दराने लाभ मिळतो: आधी १२४ दिवस, पुढे वाढवून दोन वर्षांपर्यंत. अट दोन वर्षांच्या विमापात्र नोकरीची आणि मागील चार वर्गणी कालावधींत १५६ दिवसांच्या वर्गणीची. वारंवार खंड पडणारा कंत्राटी कामगार येथे बहुधा कमी पडतो.

कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया. पूर्ण वेतन; पुरुषांना ७ दिवस, स्त्रियांना १४ दिवस.

प्रसूती लाभ. २६ आठवडे, पूर्ण वेतन.

कायद्यातील बदल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. या नोंदीतील हिशेब १९४८ च्या कायद्याखालील आहेत. संहितेच्या वेतनव्याख्येत ओव्हरटाइम नाही, आणि वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्यास वरचा भाग वेतनात मिळवला जातो. भत्ते फुगवून मूळ पगार लहान ठेवण्याची पट्ट्यातील पद्धत यामुळे थेट कचाट्यात येते.