निव्वळ मालमत्ता मूल्य

निव्वळ मालमत्ता मूल्य (संक्षेपात एनएव्ही) म्हणजे म्युच्युअल फंडाच्या एका युनिटच्या वाट्याला येणारी योजनेची मालमत्ता. योजनेकडील समभाग, रोखे व रोकड यांच्या बाजारमूल्यात येणे रक्कम मिळवून त्यातून देणी आणि खर्च वजा केले जातात. उरलेल्या रकमेला एकूण युनिटांच्या संख्येने भागल्यावर हे मूल्य मिळते. भारतातील मुक्त योजनांसाठी ते कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होते.

==खर्चाची वजावट==
योजनेच्या वार्षिक खर्चाचे मालमत्तेशी असलेले प्रमाण म्हणजे खर्च गुणोत्तर. हा खर्च गुंतवणूकदाराकडून वेगळा मागितला जात नाही. तो रोज थोडाथोडा मालमत्तेतून वजा होतो आणि त्यानंतरच मूल्य जाहीर होते. उदाहरणार्थ, एखाद्या योजनेची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये व युनिटे २० कोटी असतील, तर मूल्य २५ रुपये होईल. खर्च गुणोत्तर १.८ टक्के असल्यास वर्षाला ९ कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे २.४७ लाख रुपये वजा होतात. प्रत्येक युनिटमागे ही रक्कम पैशाच्या आठव्या हिश्श्याइतकी असते. बाजाराच्या रोजच्या चढउतारात ती लक्षात येत नाही. बाजार घसरला तरी वजावट मात्र थांबत नाही.

==दीर्घकालीन परिणाम==
दोन योजनांच्या मालमत्तेवर खर्चापूर्वी वार्षिक ११ टक्के परतावा मिळतो असे मानू. खर्च गुणोत्तर ०.२ टक्के असलेल्या योजनेत एक लाख रुपयांचे वीस वर्षांनी सुमारे ७.७८ लाख होतात, तर १.८ टक्के असलेल्या योजनेत सुमारे ५.८१ लाख. हा फरक मूळ गुंतवणुकीच्या जवळजवळ दुप्पट आहे. खर्चात गेलेल्या रकमेवर पुढे मिळू शकणारा परतावाही बुडत असल्याने तफावत वर्षागणिक वाढते.

==निर्देशांक फंड व सक्रिय फंड==
निर्देशांक फंड निफ्टी ५० सारख्या निर्देशांकातील समभाग त्याच प्रमाणात ठेवतो. समभागांची निवड करावी लागत नसल्याने त्याचा खर्च कमी असतो. सक्रिय फंडात ही निवड व्यवस्थापक करतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, एखाद्या बाजारातील सर्व सक्रिय गुंतवणूकदारांचा खर्चापूर्वीचा सरासरी परतावा बाजाराइतकाच असतो. त्यामुळे खर्च वजा केल्यावर तो निर्देशांकामागे जाणाऱ्यांच्या परताव्यापेक्षा कमी पडतो. काही सक्रिय फंड निर्देशांकाला मागे टाकतात, पण ते आधी ओळखणे कठीण असते.

निर्देशांक फंड बाजारातील घसरणीपासून संरक्षण देत नाही. खर्च व शिल्लक रोकड यांमुळे त्याचा परतावा निर्देशांकापेक्षा किंचित कमी राहतो. ही तफावत खर्च गुणोत्तरापेक्षा बरीच मोठी असल्यास फंड निर्देशांकाचे अनुकरण नीट करत नसल्याचे दिसून येते. तुलनेसाठी लाभांश धरून काढलेला एकूण परतावा निर्देशांक वापरतात. लाभांश वगळलेल्या निर्देशांकाशी तुलना केल्यास फंडाची कामगिरी आहे त्यापेक्षा चांगली भासते.