निफ्टीत कंपनी आली-गेली की तुमच्या पीएफचे पैसे का हलतात? इंडेक्स फंडांच्या ‘ठरलेल्या तारखे’ची गोष्ट

बेळगावच्या फाउंड्रीत काम करणारा कामगार असो की वडोदऱ्याच्या कारखान्यातला सुपरवायझर, पगारातून पीएफ कापला जात असेल तर त्यातला थोडा पैसा शेअर बाजारात असतो. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना २०१५ पासून निफ्टी आणि सेन्सेक्सवर आधारित ईटीएफमध्ये गुंतवणूक करते. इंडेक्स फंडात एसआयपी करणाऱ्यांचे पैसेही याच वाटेने जातात. त्यामुळे निफ्टीच्या यादीत कोण आले आणि कोण गेले, याचा संबंध थेट आपल्याशी येतो.

फंडाला निवडच नसते

इंडेक्स फंडाचे काम एकच: निर्देशांकात जे शेअर ज्या प्रमाणात आहेत, ते त्याच प्रमाणात आपल्याकडे ठेवायचे. कुठली कंपनी चांगली, कुठली महाग, हे त्याने ठरवायचे नसते. फंडाचा परतावा निर्देशांकापेक्षा जितका कमी-जास्त हलतो, त्याला ‘ट्रॅकिंग एरर’ म्हणतात आणि फंड मॅनेजरची परीक्षा त्यावरच होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रोज भाव वर-खाली होतात म्हणून इंडेक्स फंडाला रोज खरेदी-विक्री करावी लागत नाही. निफ्टीतले वजन कंपनीच्या फ्री फ्लोट बाजारमूल्यावर ठरते, म्हणजे प्रवर्तकांकडचे शेअर सोडून जे शेअर बाजारात मोकळे आहेत त्यांच्या किमतीवर. भाव वाढला की निर्देशांकात वजन वाढते, आणि फंडाकडच्या त्याच शेअरची किंमतही तेवढीच वाढते. हिशेब आपोआप जुळतो. फंडाला हात हलवावा लागतो तो यादी बदलली किंवा मोकळ्या शेअरची संख्या बदलली की.

तारखा आधीच ठरलेल्या

निफ्टी ५० चा आढावा वर्षातून दोनदा होतो. ३१ जानेवारी आणि ३१ जुलै या तारखांपर्यंतच्या सहा महिन्यांची सरासरी पाहिली जाते. नव्या कंपनीचे फ्री फ्लोट बाजारमूल्य यादीतल्या सर्वांत लहान कंपनीच्या किमान दीडपट असावे लागते, आणि तिचे वायदा व्यवहार चालू असावे लागतात. निकाल चार आठवडे आधी जाहीर होतो. बदल लागू होतो मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस.

एक उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले की निफ्टीत झोमॅटो (आताची इटर्नल) आणि जिओ फायनान्शियल येणार, बीपीसीएल आणि ब्रिटानिया बाहेर जाणार. बदल लागू २८ मार्चपासून. म्हणजे सगळ्या निफ्टी फंडांना २७ मार्चला, बाजार बंद होता होता, हे चारही व्यवहार करायचे होते. आधी घेतले आणि भाव पडला तर ट्रॅकिंग एरर, नंतर घेतले आणि भाव चढला तरी तेच. त्या वेळच्या पद्धतीत बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवरून ठरत असे, म्हणून मोठी उलाढालही त्याच अर्ध्या तासात व्हायची.

मग पैसे कुठे जातात?

आता समजा, निफ्टीत १ टक्का वजनाने एक नवी कंपनी येते. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. १०,००० कोटींच्या फंडाला तिचे १०० कोटींचे शेअर घ्यावेच लागतील. निफ्टीमागे चालणारा सगळा पैसा ३ लाख कोटी धरला तर एकूण खरेदी ३,००० कोटींची. शेअरचा भाव ३०० रुपये असेल तर १० कोटी शेअर लागतील. रोज अडीच कोटी शेअरची उलाढाल होत असेल, तर चार दिवसांची उलाढाल एका संध्याकाळी हवी.

ही गोष्ट चार आठवडे आधी सगळ्यांना माहीत असते. ट्रेडर आधी घेऊन ठेवतात आणि त्या संध्याकाळी फंडाला विकतात. जाहीर माहितीवर केलेला हा व्यवहार बेकायदा नाही. फंडाच्या आतल्या ऑर्डरची गुप्त माहिती वापरून केला तर तो गुन्हा.

या चार आठवड्यांत भाव ४ टक्के चढला, तर १ टक्का वजनावर फंडाचे नुकसान ०.०४ टक्के, म्हणजे एक लाखामागे ४० रुपये. गंमत अशी की हे कुठेच दिसत नाही. निर्देशांकही तो शेअर त्याच चढलेल्या बंद भावाला आत घेतो. फंड आणि निर्देशांक दोघेही महाग घेतात, त्यामुळे ट्रॅकिंग एरर जवळपास शून्य!

विकायचे आहे, पण घेणारा नाही

ही सक्ती किती टोकाला जाते ते ऑगस्ट २०२३ मध्ये दिसले. रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली आणि एका शेअरमागे एक नवा शेअर मिळाला. नियमानुसार ती काही दिवस निर्देशांकात ठेवून मग काढायची होती. त्या काळात निफ्टी ५० मध्ये ५१ शेअर होते. २१ ऑगस्टला मुंबई शेअर बाजारात ती २६५ रुपयांवर उघडली आणि त्याच दिवशी ५ टक्क्यांच्या लोअर सर्किटला, २५१.७५ रुपयांवर अडकली. इंडेक्स फंडांना विकणे भाग होते, पण त्या भावाला पुरेसे खरेदीदार नव्हते. पुढच्या दिवसांतही सर्किट लागत राहिले. विक्रीच होत नसेल तर फंड निर्देशांकाबरोबर चालणार कसे? म्हणून तिला काढण्याची तारीखच पुढे ढकलावी लागली. शेवटी सप्टेंबरच्या सुरुवातीला ती बाहेर पडली.

आणि मार्च २०२५ मध्ये त्याच निफ्टी फंडांनी तोच शेअर परत विकत घेतला. दोन्ही वेळा कंपनीबद्दल कुणाचे मत बदलले म्हणून नव्हे, यादी बदलली म्हणून.

मग घोषणा झाली की आपणही घ्यावे का?

इथेच अनेक जण फसतात. सहा महिन्यांची सरासरी आणि दीडपटीचा नियम उघड असल्याने जाणकार घोषणेआधीच अंदाज बांधतात, आणि भाव बऱ्याचदा तेव्हाच चढून जातो. ठरलेल्या दिवसानंतर फंडांची खरेदी संपते आणि तो उतरूही शकतो. शिवाय निव्वळ मागणी दिसते त्यापेक्षा कमी असते. झोमॅटो आणि जिओ फायनान्शियल आधी निफ्टी नेक्स्ट ५० मध्ये होत्या. त्यामुळे निफ्टीचे फंड घेत होते तेव्हा नेक्स्ट ५० चे फंड तेच शेअर विकत होते.

तुमच्याकडे यातला एखादा शेअर असेल, तर बदलाच्या आदल्या दिवशीची उलाढाल बघा. ती नेहमीच्या कितीतरी पट असेल आणि बातमी काहीच नसेल, तर ती खरेदी-विक्री यादीमुळे झालेली आहे. त्या दिवशीच्या भावावरून कंपनीची पारख करू नका. आणि हा खर्च कमी हवा असेल तर निफ्टी ५०० सारख्या मोठ्या निर्देशांकाचा फंड बघता येतो. एखादी कंपनी नेक्स्ट ५० मधून निफ्टीत गेली, तरी ५०० च्या यादीत ती आधीपासूनच असते. त्या फंडाला त्या संध्याकाळी तिच्यासाठी एकही शेअर घ्यावा लागत नाही.