फाइल कार्व्हिंग

निर्देशिका बिघडलेल्या डिस्कवरून किंवा मेमरी कार्डावरून, केवळ आशयातील खुणा ओळखून फाइली परत मिळवण्याची पद्धत. कॅमेऱ्यातील जेपेग छायाचित्र `FF D8 FF` या बाइटांनी सुरू होते आणि `FF D9` ने संपते. फोटोरेकसारखे साधन कार्ड सलग वाचत ही सुरुवात शोधते व तिथून पुढची माहिती नव्या फाइलीत उतरवते. पण छायाचित्राच्या पोटात बहुधा लघुचित्रही असते, आणि त्याचाही शेवट तोच. पहिल्याच `FF D9` वर थांबले, तर मूळ चित्र हातचे जाते. फाइल कार्डावर विखुरलेली असल्यास वरचा भाग नीट दिसतो, खाली मात्र करडा पट्टा किंवा भलतेच रंग येतात. मूळ नाव व फोल्डर परत मिळत नाहीत. वाचवलेल्या फाइली त्याच कार्डावर साठवू नयेत; उरलेल्या पुसल्या जातात.