गियर जाण्याची भीती

एस्केप फ्रॉम टारकोव्ह खेळताना माझी एक चांगली रायफल तीन महिने स्टॅशमध्ये पडून होती. नेली आणि मेलो तर? या एका विचाराने तिच्यातून एक गोळीसुद्धा सुटली नाही. या प्रकाराला खेळाडू 'गियर फिअर' म्हणतात.

ही भीती टारकोव्हची नाही हं, बरीच जुनी आहे. १९९७च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये मेलात की अंगावरचं सगळं प्रेताजवळच राहायचं आणि येणाराजाणारा ते उचलायचा. लोक इतके वैतागले की २००० साली कंपनीने जगाची दुसरी प्रत काढली, ट्रॅमेल नावाची. तिथे मर्जीशिवाय कुणी तुम्हाला मारू शकत नसे. पुढे २०१२ मध्ये डीन हॉलच्या डेझेड मॉडने तीच धास्ती परत आणली, आणि २०१६च्या द डिव्हिजनमध्ये डार्क झोनमधली लूट हेलिकॉप्टरला बांधून बाहेर पाठवावी लागे.

टारकोव्हची बंद बीटा २०१७ची. यात स्वतःचं सामान घेऊन आत जायचं आणि ठरलेल्या वाटेने जिवंत बाहेर पडायचं. मेलात तर फक्त सिक्युअर कंटेनरमधलं उरतं, आणि त्यात रायफल मावत नाही. विमा आहे, पण गंमत बघा: विम्याची वस्तू परत येते ती दुसऱ्या कुणी बाहेर नेली नाही तरच. म्हणजे साधी बंदूक बऱ्याचदा परत येते, भारी बंदूक क्वचितच! (सोबती जिवंत असेल तर तो तुमची रायफल झुडपात फेकून देतो, तेवढाच आधार.)

मग न्यायचं काय? मी शेवटी वहीत हिशोब मांडला. दहा रेडमध्ये मी चारदा वाचतो असं धरू. किट १ लाख २० हजार रूबलचं असेल तर सहा मरणांचे ७ लाख २० हजार गेले. म्हणजे वाचलेल्या प्रत्येक रेडमधून १ लाख ८० हजारांची लूट आणली तेव्हा कुठे बरोबरी, विमा सोडून. किट निम्म्या किमतीचं नेलं तर ९० हजार पुरतात. तेव्हा महाग किटने वाचण्याची संख्या चाराची सहा होत असेल तरच ते न्यावं. तेव्हा चारच मरणं, ४ लाख ८० हजार, आणि प्रत्येक वाचलेल्या रेडमागे ८० हजार. माझ्या बाबतीत चाराची जेमतेम साडेचार झाली. चिलखत आणि गोळ्या चांगल्या, बाकी सगळं साधं, यावर मी स्थिरावलो. नुसती एखादी वस्तू शोधून आणायचं काम असेल तर तेवढंही नेत नाही.

हे शहाणपण उशिरा आलं. बीटाच्या काळात दर काही महिन्यांनी वाइप व्हायचा, सगळ्यांचा स्टॅश कोरा. ती रायफल तशीच गेली, न वापरता.